पाच हजारांच्या बिलातले तीस डॉलर गेले कुठे?

सांगलीच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. त्याने परदेशी ग्राहकाला ५,००० डॉलरचं बिल पाठवलं, खात्यात आले ४,९७०. ग्राहक म्हणतो, ‘बँकेचे चार्जेस गेले.’

आधी आपल्या बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागवावी. ग्राहकाने किती रक्कम पाठवायला सांगितली, ते त्यात दिसतं. तिथे ५,००० असतील, तर तीस डॉलर वाटेतल्या बँकांनी कापले. ४,९७० असतील, तर ग्राहकानेच कमी पाठवले. मग उरलेले मागायचे की सोडायचे, हे कराराच्या अटी पाहून ठरवावं.

सोडायचे ठरले, तरी मूळ बिल ४,९७० चं करू नये. विक्री ५,००० चीच झाली आहे. जमा नोंदवताना ४,९७० बँक खात्यात, तीस बँक चार्जेस या खर्चात नावे टाकावेत आणि ग्राहकाच्या खात्यात पूर्ण ५,००० जमा करावेत. नाहीतर तीस डॉलरची येणी वर्षानुवर्षं लोंबकळत राहतात.

निर्यातदाराला आणखी एक काम उरतं. रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत शिपिंग बिलासमोर पूर्ण वसुली दिसावी लागते. म्हणून कापलेली रक्कम परदेशी बँकेचे चार्जेस म्हणून दाखवायला आपल्या बँकेला लेखी कळवावं आणि संदेशाची प्रत जोडावी.

पुढच्या बिलावर ‘सर्व बँक चार्जेस खरेदीदाराकडे’ असं छापावं आणि पैसे पाठवताना OUR पर्याय निवडायला सांगावं. त्यात पाठवण्याचा खर्च ग्राहक भरतो.