दुपारी दोन ते सहा लाइट नाही

2005 नंतरची सहा-सात वर्षं महाराष्ट्रातल्या छोट्या कारखानदारांनी भारनियमनाच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून काढली. पुढे 2022 च्या एप्रिलमध्ये कोळसा कमी पडला तेव्हा तीच धास्ती पुन्हा डोकावून गेली. वेळापत्रक हातात आलं की मालकाला पहिलं काम करावं लागतं ते कामगारांना पत्र लिहिण्याचं: उद्यापासून पाळी अमुक वाजता. बहुतेक पत्रं चार ओळींत आटोपतात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. हे पत्र नीट लिहायचं तर आधी काय काय मोजावं लागतं, ते कोल्हापूरच्या एका फाउंड्रीवरून पाहू. फाउंड्री काल्पनिक आहे, पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत कुठेही सापडेल अशी. काळ 2008 च्या आसपासचा धरू.

चाळीस कामगार, अर्ध्या टनाची एक इंडक्शन भट्टी. पाळी सकाळी आठ ते साडेचार. फीडरवर दुपारी दोन ते सहा वीज बंद राहणार असं कळलंय.

मालकाला सुचणारा पहिला तोडगा असा: आठ ते दोन काम, मग सगळ्यांनी घरी जाऊन यावं आणि सहा ते आठ उरलेले दोन तास भरावेत. कामाचे तास आठच, तेव्हा तक्रार कसली? पण कारखाने अधिनियम, 1948 फक्त कामाचे तास मोजत नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सगळा पसारा, मधली सुट्टी धरून, साडेदहा तासांच्या आत बसला पाहिजे असं तो सांगतो. सकाळी आठ ते रात्री आठ म्हणजे बारा तास झाले. मधले चार तास कामगार मोकळा असला तरी पेठवडगावहून आलेला माणूस त्या वेळात घरी जाऊन परत येत नाही, गेटबाहेर झाडाखाली बसून राहतो. त्याचा अख्खा दिवस कारखान्यालाच जातो. कायद्याने नेमकं हेच धरलंय. मुख्य निरीक्षक कारणं नोंदवून ही मर्यादा बारा तासांपर्यंत वाढवू शकतात, पण ती परवानगी हातात येण्याआधी तसं पत्र लावणं म्हणजे आपल्याच सहीने पुरावा देणं.

म्हणून पाळी अलीकडे सरकवायची. किती, ते भट्टी ठरवते.

थंड भट्टीची पहिली हीट दीड तास खाते. पुढच्या हीटला, माल भरण्यापासून ओतकामापर्यंत, सव्वा तास धरा. सव्वापाचला स्विच टाकला तर पहिला रस पावणेसातला तयार होतो. मग आठ, सव्वानऊ, साडेदहा, पावणेबारा आणि एक. अशा सहा हीट, म्हणजे तीन टन रस. एक वाजता सातवी लावायचा मोह होतो, कारण हाताशी अजून तासभर वीज दिसते. पण ती हीट सव्वादोनला तयार होणार आणि लाइट दोनला जाणार. अर्धवट वितळलेलं लोखंड भट्टीतच थिजलं तर ते फोडून काढताना आतलं अस्तर उखडतं आणि नवं अस्तर ठोकून, तापवून तयार होईपर्यंत उत्पादन थांबतं. त्याहून मोठा धोका कॉइलचा. वीज गेली तरी भट्टी तापलेलीच असते आणि कॉइलमधून पाणी फिरत राहावं लागतं. त्यासाठी उंचावर टाकी किंवा पंपापुरता डिझेल जनरेटर हवाच. अख्खी भट्टी जनरेटरवर चालवणं छोट्या मालकाला परवडत नाही.

आता माणसं. भट्टीवाल्यांना सव्वापाचला बोलावलं आणि साचेवाल्यांना सहाला, तर पहिल्या रसाला साचे पुरणार नाहीत. आदल्या दिवशी करून ठेवावेत, तर ओल्या वाळूचा साचा रात्रभरात कोरडा पडतो, कडा सुटतात आणि ती वाळू मालात उतरते. दुसऱ्या दिवशी कास्टिंगला बारीक खड्डे दिसले की समजावं, साचे शिळे होते. म्हणजे चार मोल्डर तरी भट्टीबरोबरच आले पाहिजेत. कोअर विभागात बायका असतात. त्या काळच्या कायद्याने त्यांना सकाळी सहाच्या आधी कामावर घेता येत नव्हतं, म्हणून त्यांची वेळ सहाच्या पुढेच. सुट्टीचंही तसंच: सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती लागते. भट्टी थांबत नाही, तेव्हा भट्टीवाल्यांनी ती आळीपाळीने घ्यायची.

इतका हिशेब झाला की पत्र लिहायला घ्यावं. साधारण असं:

‘सर्व कामगार बंधू-भगिनींना,

आपल्या फीडरवर दुपारी 2 ते 6 वीज बंद राहणार आहे. त्यामुळे खाली दिलेल्या तारखेपासून भट्टी विभाग व चार मोल्डर यांची वेळ पहाटे 5.15 ते दुपारी 1.45, आणि कोअर विभागासह बाकी सर्वांची सकाळी 6 ते दुपारी 2.30 राहील. जेवणाची सुट्टी अर्धा तास. भट्टी विभागाने ती 9.30 ते 10.30 या वेळात दोन गटांत घ्यावी, इतरांची 10 ते 10.30. दोननंतर फक्त नॉकआउट व वाळू साफ करण्याचे हातकाम होईल, ग्राइंडर चालणार नाहीत. पहाटे येणाऱ्यांसाठी हायवेच्या फाट्यावरून कंपनीची गाडी 4.45 ला निघेल.

वेळ बदलली तरी पगारात कपात नाही. वेळापत्रकाबाहेर लाइट गेली व काम थांबले, तरी त्या दिवसाची हजेरी पूर्ण धरली जाईल. आठवड्याची सुट्टी पूर्वीचीच. एक महिन्याने आपण पुन्हा बसून ठरवू. अडचण असेल त्यांनी सुपरवायझरला किंवा मला समक्ष सांगावे.’

यातलं हजेरीचं वाक्य मालकाला महाग पडतं आणि कामगार नेमकं तेच शोधत असतो. विजेच्या टंचाईमुळे काम देता आलं नाही तर कायद्याच्या भाषेत तो ले-ऑफ होतो, आणि औद्योगिक विवाद अधिनियमानुसार मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. पण ही तरतूद सरासरी पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू. आपल्या फाउंड्रीत चाळीसच, म्हणजे पत्रात काही लिहिलं नाही तर कामगाराच्या हाती काहीच ठोस राहत नाही. मोघम ‘सहकार्य करावे’ लिहिणारा मालक इथेच विश्वास गमावतो, असं मला वाटतं.

पत्र फळ्यावर लावलं म्हणजे झालं असंही नाही. त्याच कायद्यात कामाचे तास किंवा पाळी बदलायची तर 21 दिवस आधी नोटीस द्यायची असते, आणि महावितरणचं वेळापत्रक काही 21 दिवस थांबत नाही. रीतसर तडजोड करून बदल केला तर मात्र ती नोटीस लागत नाही. म्हणून शहाणे मालक आधी कामगारांच्या प्रतिनिधींबरोबर बसून करारावर सह्या घेत आणि मगच पत्र लावत. कारखाना निरीक्षकाकडेही नव्या वेळांची नोटीस दोन प्रतींत, बदलाआधी जायची. नोव्हेंबर 2025 पासून हे जुने कायदे जाऊन श्रमसंहिता आल्या. 21 दिवसांची अट त्यांतही आहे, बाकीचा तपशील मात्र आता नव्या नियमांत पाहायचा.

राहिली एक गोष्ट. महावितरणने फीडरची वेळ पुन्हा बदलली तर? निरीक्षकाच्या मंजुरीशिवाय एका बदलानंतर आठवडाभर दुसरा बदल करता येत नसे. त्यामुळे सह्या घेतानाच करारात दुसरं वेळापत्रक लिहून ठेवणं सोयीचं: सकाळी वीज बंद झाली तर दुपारी एक ते साडेनऊ. त्यात कोअरवाल्या बायकांना सातच्या आत सोडावं लागे, म्हणून त्यांची वेळ सकाळी साडेदहा ते सात. कोअर हाताने भरता येतात, पण ते भाजायची ओव्हन विजेवरची असेल तर लाइट येईपर्यंत भरलेले कोअर रॅकवर तसेच राहणार, आणि त्या दिवशी पहिल्या हीटला आदल्या दिवशी भाजून ठेवलेले कोअर लागणार.