दोन नथींची आजी

"फोटोवरून आर्ट डेको पोस्टर करणाऱ्या एक बाई गिरगावात आहेत, जाऊन ये," असं संपादकांनी सांगितलं, म्हणून मी गेले. ताईंच्या टेबलावर एका आजींचा जुना कृष्णधवल फोटो होता. अंबाडा, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, नाकात नथ. नातवाला दिवाणखान्यात लावायला आजींचं पोस्टर हवं होतं, जुन्या बोटींच्या जाहिरातींसारखं.

त्या जाहिरातींतलं ताईंचं दैवत म्हणजे फ्रान्सचा कासांद्र. १९२५च्या पॅरिसच्या प्रदर्शनाने या शैलीला नाव मिळवून दिलं. कासांद्रचं 'नॉर्मंडी' जहाजाचं पोस्टर १९३५चं. जहाज नाकासमोरून थेट आपल्यावर येतंय आणि खाली चिमुकले पक्षी. मुंबईला ही शैली परकी नाही. मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या गोलाईदार बाल्कन्या आणि खिडक्यांवरचे आडवे छज्जे याच घराण्यातले, आणि २०१८ साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला.

पण जहाज दोन्ही बाजूंनी सारखं असतं, माणसाचा चेहरा नसतो. ताईंनी मला ते करूनच दाखवलं. फोटो मधोमध कापून डावा अर्धा भाग आरशासारखा उलटवून जोडला. समोर रुंद, करारी बाई आली, आणि तिला दोन नथी! उजवा अर्धा उलटवला तर चेहरा अरुंद, बिचारा, आणि नथच गायब. "दोन्ही आजी नाहीत," ताई म्हणाल्या. म्हणून त्या चेहरा उलटवत नाहीत. कुंकवापासून गळ्याच्या खळीपर्यंत रेघ धरतात आणि ती सरळ उभी होईपर्यंत फोटो फिरवतात. या फोटोला जेमतेम दोन अंश पुरले. मग चौकट, मागचे सूर्यकिरण आणि पदराची खांद्यांवरची कमान तेवढी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी. आत चेहरा जसा आहे तसा.

फोटो स्टुडिओतला, उजेड एका बाजूने आलेला. त्यामुळे नाकाची आणि गालाची सावली सलग, धारदार होती. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावलीच नसते, मग आकार कशाचा काढणार? ताईंनी सगळा चेहरा चार सपाट छटांत बसवला. सुरकुत्या काढून टाकल्या तर बाहुली दिसली, सगळ्या ठेवल्या तर आजारी बाई. शेवटी नाकाकडून ओठांकडे येणाऱ्या दोनच रेघा राहिल्या. गालापासून हनुवटीपर्यंतची वळणरेषा त्यांनी संगणकावर तीन बिंदूंवर बसवली. बिंदू वाढले की रेषा थरथरते, आणि या शैलीत थरथरलेली रेषा लपत नाही.

इथवर काम मजेत चाललं होतं. खरी परीक्षा सोन्याची. पडद्यावर पिवळ्या-तपकिरी छटांनी सोनं झळकतं. नेहमीच्या चार शायांत छापलं की ते मोहरीच्या रंगाचं होतं, कारण सोनं हा रंग नाही, परावर्तित उजेड आहे. म्हणून सोनेरी शाई वेगळी, जाळीच्या फ्रेममधून हाताने ओढायची. छपाईचं काम करणारे काका ती सारखी ढवळत होते, कारण तिच्यातले धातूचे कण खाली बसतात. बारीक जाळीत ते कण अडकले आणि किरण राखाडी, ठिपकेदार उतरले. जाड जाळी घेतली तर कण निघाले, पण अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा पसरून एकमेकींना चिकटल्या. शेवटी किरण संख्येने निम्मे केले आणि रेघ दुप्पट जाड. नथीतले मोतीही शाईने भरून गेले, म्हणून नथ प्रमाणापेक्षा मोठी काढली.

त्यात पावसाळा. दमट हवेत कागद किंचित फुगतो आणि दुसरी शाई पहिलीवर नेमकी बसत नाही. साध्या चित्रात ते कळलंही नसतं. इथे डाव्या कडेला पांढरी फट आणि उजव्या कडेला काळ्यावर चढलेलं सोनं, असं दोन्हीकडे एकदम दिसलं. म्हणून सोनेरी रेघेच्या खाली काळा रंग अर्धा मिलिमीटर आधीच सरकवून ठेवला. पितळी पुडीची शाई समुद्राच्या हवेत वर्षा-दोन वर्षांत काळवंडते, म्हणून ताईंनी अभ्रकाची महाग शाई घेतली. ती कमी झळकते. नातवाला हे आधी सांगायला हवं होतं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

चौथी प्रत बरी आली. काकांनी ती खिडकीशी धरून हळूहळू फिरवली. एका कोनात नथ पेटल्यासारखी उजळली, दुसऱ्या कोनात सोनं काळपट पडून गालाच्या सावलीत विरघळलं. ताईंनी नातवाला फोन लावला आणि भिंतीला खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं.

"उजवीकडे," तो म्हणाला.

ताईंनी प्रत बाजूला ठेवली आणि नथीभोवती फिकट कडा सोडायला त्या पुन्हा संगणकाशी बसल्या.