काल रात्री फोन कुठे होता?

शाळेतल्या प्रकल्पांच्या प्रदर्शनात मोबाइलवरचा एक तरी तक्ता असतोच. थर्माकोलवर रंगीत वर्तुळ, त्याच्या चार फाका आणि खाली निष्कर्ष: ‘६२ टक्के विद्यार्थी मोबाइलचा अतिवापर करतात.’ प्रश्नावली मागितली की एक कागद पुढे येतो. त्यावरचा पहिला प्रश्न असा: ‘तुम्ही रोज किती तास मोबाइल वापरता? १ तास / २ तास / ३ तास / त्याहून जास्त.’ पुढचं सगळं गणित बरोबर असलं तरी प्रकल्प इथेच फसलेला असतो.

कारण ‘रोज’ असा दिवसच नसतो. सोमवारी क्लास असतो, रविवारी क्रिकेटचा सामना असतो आणि परीक्षेच्या आठवड्यात आई फोन कपाटात ठेवते. या सगळ्याची सरासरी चौदा वर्षांच्या मुलाने मनातल्या मनात काढावी, अशी आपली अपेक्षा असते. तो सरासरी काढत नाही. शोभेल असा आकडा सांगतो. वर्गशिक्षक शेजारी उभे असतील तर एक तास, मित्र शेजारी असेल तर पाच तास.

मोठ्यांचंही काही वेगळं नाही. लोकांनी स्वतः सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’ या नियतकालिकात आला होता. या दोन आकड्यांचा मेळ जेमतेम मध्यम निघाला. शाळेतल्या प्रकल्पाला यातूनच चांगला विषय मिळतो. ‘मुलं किती वेळ मोबाइल बघतात’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘मुलांना आपण किती वेळ बघतो ते कितपत ठाऊक असतं’ हे शोधता येतं.

समजा, आठवी ते दहावीत मिळून ३६० विद्यार्थी आहेत. सगळ्यांना विचारायला वेळ नाही, म्हणून ९० निवडायचे. ‘जे तयार होतील ते’ असं केलं की मैत्रिणीच जमतात. त्याऐवजी सगळ्या तुकड्यांचे हजेरीपट एकापुढे एक ठेवावेत, १ ते ४ मधली एक चिठ्ठी उचलावी आणि तिथून दर चौथं नाव घ्यावं. पुष्कळ हजेरीपटांत आधी मुलगे आणि मग मुली असतात. त्यामुळे दर चौथं नाव घेताना दोघांचं प्रमाण आपोआप राखलं जातं. निवडलेला विद्यार्थी गैरहजर असेल तर शेजारच्याला पकडू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. नेहमी गैरहजर राहणाऱ्यांच्या सवयी कदाचित वेगळ्या असतील आणि नेमके तेच आपल्या हातून निसटतील.

निवडलेल्यांच्या पालकांची लेखी संमती आधी घ्यायची. मुलालाही ‘नको’ म्हणायची मोकळीक हवी. उत्तरपत्रिकेवर नाव नको. पाकिटातून उचललेला क्रमांक पुरे.

बुधवारी सकाळी कागद वाटायचा आणि फक्त मंगळवारबद्दल विचारायचं: शाळेतून घरी आल्यापासून झोपेपर्यंत फोनवर अंदाजे किती मिनिटं गेली? कागद तिथेच गोळा करायचा. संध्याकाळी घरी फोनमधली मंगळवारची नोंद पाहून ती चिठ्ठीवर लिहून आणायची. अँड्रॉइडवर ती Digital Wellbeing मध्ये दिसते, आयफोनवर Screen Time मध्ये. क्रम उलटला तर अंदाज हा अंदाज राहत नाही. दिवस आधीच सरलेला असल्यामुळे नोंद सुंदर करण्यासाठी मुद्दाम फोन बाजूला ठेवण्याचीही सोय उरत नाही. मात्र फोन दिवसभराची बेरीज दाखवतो, म्हणून शाळेआधीच्या सकाळच्या वापराचा अंदाजही वेगळ्या ओळीत मागून घ्यावा.

खरी अडचण पुढेच आहे. फोन कोणाचा? ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांबद्दलच्या २०२३ च्या ‘असर’ अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये फक्त १९.८ टक्क्यांकडे. आईच्या फोनमधली नोंद म्हणजे आईचे फोन, धाकट्याची कार्टून्स आणि आपल्या विद्यार्थिनीचा गृहपाठ यांची खिचडी. त्यामुळे ‘फोन कोणाचा’ हा पहिला प्रश्न ठेवावा आणि अंदाज व नोंद यांची तुलना फक्त स्वतःचा फोन असणाऱ्यांपुरती करावी. म्हणजे ९० पैकी कदाचित तीसेकच उरतील आणि त्यांत मुलगे जास्त असतील. हे प्रकल्पात लपवू नये. फोन कोणाच्या हाती आहे, हाही या सर्वेक्षणातून निघालेला निष्कर्षच आहे.

बाकीच्यांना मिनिटांऐवजी आठवणारी गोष्ट विचारावी. ‘काल रात्री तुम्ही झोपलात तेव्हा फोन कुठे चार्जिंगला होता: उशाशी, त्याच खोलीत, की दुसऱ्या खोलीत?’ यात अंदाज करावा लागत नाही आणि ‘अतिवापर’ असा शब्दही नाही, त्यामुळे उत्तर देणारा सावध होत नाही. एका खोलीच्या घरात मात्र ‘दुसरी खोली’ हा पर्याय निरर्थक ठरतो. असे खड्डे सातवीतल्या पाच-सहा जणांकडून कागद आधी भरून घेतला की दिसतात. त्यांना भरताना बघावं. पेन्सिल जिथे थांबते तिथे प्रश्न चुकलेला असतो.

आता आकडे. सात जणांच्या नोंदी अशा आल्या असं धरू: ४०, ६०, ७५, ९०, १००, १२० आणि ४८० मिनिटं. सरासरी येते सुमारे १३८. पण सातपैकी सहा जण त्या सरासरीच्या खालीच आहेत, कारण एकट्या ४८० ने ती वर ओढली. चढत्या क्रमातला मधला आकडा, म्हणजे ९०, या गटाबद्दल जास्त खरं सांगतो. ४८० खोडून टाकायचा मोह होईल, पण आधी चौकशी करावी. सामना लावून फोन भिंतीला टेकवला आणि पोरगा अंगणात गेला, तरी फोनच्या लेखी तो बघतोच आहे.

९० जणांपैकी निम्म्यांनी ‘उशाशी’ म्हटलं, तर ३६० च्या शाळेत खरा आकडा साधारण नऊ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतो. मग आठवीत ४० आणि नववीत ४७ टक्के निघाले म्हणून ‘नववीत प्रमाण वाढते’ असं लिहिता येत नाही. प्रत्येक इयत्तेत तर जेमतेम तीसच जण आहेत. आणि ‘दहावी ब मधल्या स्वतःचा आयफोन असलेल्या मुली’ अशी फाक पाडली तर तिथे एकच नाव उरतं, जे साऱ्या वर्गाला ठाऊक असतं. पाचापेक्षा लहान गट छापू नये.

झोपेशी संबंध जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. फोन उशाशी ठेवणारी मुलं उशिरा झोपतात, असं दिसेलही. पण झोप येत नाही म्हणून फोन हाती घेणारा आणि फोनमुळे जागा राहणारा कागदावर सारखेच दिसतात. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी तीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. त्यांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के भागाचा डिजिटल वापराशी संबंध लागला. तुलनेसाठी त्यांनी बटाटे खाण्याचा संबंधही काढून पाहिला. तो जवळपास तितकाच निघाला. तीन लाखांत जो धागा इतका बारीक दिसला, तो ९० जणांत सापडला असं वाटलं तर आधी प्रश्नावली पुन्हा वाचावी.

मग थर्माकोलवर लिहायचं काय? असं काहीसं: ‘आमच्या शाळेतल्या ९० पैकी ८१ जणांनी उत्तरं दिली. स्वतःचा फोन असलेल्या २९ जणांपैकी १८ जणांचा मंगळवारचा अंदाज फोनच्या नोंदीपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त चुकला.’ हे आकडे नमुन्यादाखल आहेत. पण परीक्षक म्हणून असा तक्ता दिसला, तर माझा पहिला प्रश्न त्या न आलेल्या नऊ जणांबद्दल असेल.