रानपिंगळा आणखी कुठे असेल?

एखादी प्रजाती आजवर कुठे कुठे आढळली याच्या नोंदी घ्यायच्या, त्या ठिकाणचे हवामान, उंची आणि झाडोरा पाहायचा आणि तशीच परिस्थिती आणखी कुठे आहे हे शोधायचे, या पद्धतीला प्रजाती-वितरणाचे मॉडेल म्हणतात. त्यासाठी अभ्यासाच्या प्रदेशाचे, सहसा एक किलोमीटर लांबी-रुंदीचे, चौकोन पाडले जातात. संगणक नोंदी असलेल्या चौकोनांवरून शिकतो आणि प्रत्येक चौकोनाला ० ते १ यांमधले गुण देतो. जास्त गुण म्हणजे जागा अनुकूल. प्रजाती तिथे आहेच, असे मात्र हे गुण सांगत नाहीत. मधल्या तुटलेल्या जंगलामुळे ती तिथवर पोहोचलीच नसेल, किंवा शिकारीमुळे तिथून नाहीशीही झाली असेल.

हे सगळे ज्या नोंदींवर उभे राहते त्या किती पारखून घ्याव्या लागतात, याचे उत्तम उदाहरण रानपिंगळ्याचे आहे. या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही. अपवाद एकच होता, तो म्हणजे रिचर्ड माइनरट्झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवी इथे मिळवल्याचे सांगितलेला नमुना. या नोंदीवर विसंबून पुढच्या काळात मांडवी परिसरात शोध घेतला गेला आणि तो व्यर्थ गेला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले, तेव्हा मांडवीचा नमुना बनावट असल्याचे उघड झाले. दुसऱ्याने पूर्वी गोळा केलेला पक्षी चोरून त्यावर खोट्या जागेची चिठ्ठी लावलेली होती. मांडवी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध सुरू झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळा पुन्हा दिसला. नोंदी इतक्या थोड्या असताना अशी एक खोटी नोंदसुद्धा मॉडेलला भलत्याच जंगलाकडे वळवू शकते.

नोंद खोटी नसली तरी ती ढोबळ असू शकते. जुन्या चिठ्ठीवर नुसते ‘तळोदे’ लिहिलेले असेल, तर पक्षी गावात होता की दहा किलोमीटरवरच्या डोंगरात, हे कळत नाही. चौकोन मात्र एक किलोमीटरचा असतो. गावाचा बिंदू नकाशावर टाकला, तर संगणक शेतजमिनीलाच घुबडाचे घर समजून बसतो. शिवाय १८८० च्या दशकातल्या नोंदीला आजच्या जंगलाचा उपग्रह-नकाशा जोडणेही चूकच आहे.

त्याहून मोठी अडचण अशी की आपल्याकडे जवळपास नेहमी ‘इथे दिसला’ एवढ्याच नोंदी असतात. ‘इथे नीट शोधला आणि नव्हता’ असे कोणी क्वचितच लिहून ठेवते. मग तुलना कशाशी करायची? २००६ मध्ये मांडली गेलेली आणि आता सर्रास वापरली जाणारी मॅक्सएंट ही पद्धत त्यासाठी प्रदेशातून हजारो बिंदू यदृच्छेने उचलते. ठरावीक आकडा १०,००० चा असतो. हे पार्श्वभूमीचे बिंदू म्हणजे ‘पक्षी नसलेल्या जागा’ नव्हेत. त्यांतल्या काही ठिकाणी पक्षी असेलही. प्रदेशात एकंदर परिस्थिती कशी आहे एवढेच ते सांगतात आणि त्या मानाने पक्ष्याच्या जागा कशा वेगळ्या आहेत हे मॅक्सएंट शोधते.

माणसे मात्र यदृच्छेने हिंडत नाहीत. पक्षीनिरीक्षक रस्त्याच्या, विश्रामगृहाच्या आणि आधीच गाजलेल्या जागांच्या आसपास फिरतात. म्हणून नोंदी मेळघाटच्या रस्त्यांलगत दाट आणि पार्श्वभूमीचे बिंदू सगळीकडे सारखे पसरलेले असले, तर मॉडेल घुबडाची आवड शिकण्याऐवजी निरीक्षकांची सवय शिकते. यावरचा चांगला उपाय म्हणजे पार्श्वभूमीचे बिंदू सगळ्या घुबडांच्या नोंदींमधून घेणे. त्यामुळे दोन्ही बाजूंना निरीक्षकांचा कल सारखाच येतो आणि बराचसा वजा होतो. एकाच चौकोनातल्या दहा नोंदी एकच धरणे हा त्याहून साधा उपाय आहे.

मॉडेलला कोणते घटक द्यायचे, हा यापुढचा निर्णय. वर्ल्डक्लिम या संचात तापमान आणि पाऊस यांचे १९ थर तयार मिळतात आणि ते सगळेच्या सगळे टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. नोंदी तीसच असताना १९ घटक दिले, तर मॉडेल त्या तीस जागा पाठ करते आणि नव्या जागी चुकते. साधारण दहा नोंदींमागे एक घटक, हा ढोबळ नियम हाताशी असलेला बरा. म्हणून सुरुवात पक्ष्याच्या जगण्यापासून करावी. रानपिंगळा सागाच्या विरळ, कोरड्या पानझडी जंगलात राहतो, झाडांच्या ढोलीत घरटे करतो आणि दिवसाही शिकार करतो. त्यामुळे झाडांच्या छत्राची दाटी, वार्षिक पाऊस आणि उन्हाळ्यातले कमाल तापमान हे तीन घटक सयुक्तिक ठरतात. उंची आणि तापमान सहसा एकमेकांबरोबरच बदलतात. दोन घटकांमधला सहसंबंध ०.७ च्या वर गेला, तर प्रजातीच्या जगण्याशी ज्याचा थेट संबंध आहे तो ठेवून दुसरा काढावा. इथे तापमान ठेवणे शहाणपणाचे.

नकाशा तयार झाला की त्याची परीक्षा होते ती बहुधा एयूसी या आकड्याने. शिकवताना न वापरलेल्या चार नोंदींना मॉडेलने ०.८२, ०.७४, ०.६१ आणि ०.३५ असे गुण दिले, आणि पार्श्वभूमीच्या पाच बिंदूंना ०.६६, ०.४०, ०.२८, ०.१५ आणि ०.०७ असे दिले, असे समजू. प्रत्येक नोंदीची प्रत्येक बिंदूशी जोडी लावली की २० जोड्या होतात. पहिल्या दोन नोंदी पाचही बिंदूंच्या वर आहेत, तिसरी चारांच्या आणि चौथी तिघांच्या. एकूण १७ जोड्यांमध्ये नोंद वरचढ ठरते, म्हणून एयूसी १७ भागिले २०, म्हणजे ०.८५. थोडक्यात, कोणतीही एक नोंद आणि कोणताही एक बिंदू उचलला, तर नोंदीचे गुण जास्त असण्याची शक्यता म्हणजे एयूसी. ०.५ म्हणजे नुसता नाणेफेकीचा कौल.

हा आकडा फुगवणे फार सोपे आहे. पार्श्वभूमी सातपुड्यापुरती न ठेवता लडाख आणि थरच्या वाळवंटासकट सगळ्या भारताची घेतली, की एयूसी लगेच चढतो. रानपिंगळा हिमशिखरांवर नसतो हे ओळखायला मॉडेलला काहीच कष्ट पडत नाहीत, आणि सातपुड्यातल्या कोणत्या दरीत शोधायचे हे तर त्यावरून अजिबात कळत नाही. म्हणून पार्श्वभूमी प्रजाती खरोखर पोहोचू शकेल तेवढ्याच प्रदेशाची घ्यावी. या प्रदेशांपैकी १० टक्के भागात प्रजाती राहत असेल, तर निर्दोष मॉडेललाही पार्श्वभूमीच्या बिंदूंविरुद्ध ०.९५ पेक्षा जास्त एयूसी मिळू शकत नाही, कारण काही बिंदू तिच्या राहत्या जागेतच पडतात. दोन वेगळ्या प्रजातींच्या मॉडेलांचे एयूसी शेजारी ठेवून त्यांना डावे-उजवे ठरवणे यामुळेच गैर आहे.

फुगवट्याचे दुसरे कारण म्हणजे परीक्षेच्या नोंदी शिकवण्याच्या नोंदींना खेटून असणे. यदृच्छेने वाटणी केली, तर मेळघाटातली एक नोंद शिकवायला आणि तिच्यापासून दोन किलोमीटरवरची परीक्षेला जाते. तेव्हा वाटणी भूभागांनुसार करावी. शहादा-तोरणमाळ, यावल आणि खांडव्याकडच्या नोंदींवर शिकवून मेळघाटवर परीक्षा घ्यावी, मग भूभाग बदलून पुन्हा. असे केल्यावर एयूसी ०.९ वरून ०.७ वर घसरला, तर मॉडेलने स्थानिक खुणा पाठ केल्या होत्या असे समजावे.

तरीही एक मर्यादा उरते. २०१४ मध्ये रानपिंगळा मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यात आढळला. तिथे वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे सातपुड्यातल्या बहुतेक जुन्या ठिकाणांच्या दुपटीच्या आसपास. फक्त सातपुड्यावर शिकलेल्या आणि पावसावर भर देणाऱ्या मॉडेलने तानशाला कमी गुण दिले असते, आणि त्याचा एयूसी कितीही चांगला असला तरी ही चूक त्या आकड्यात उमटली नसती. त्यामुळे नकाशाबरोबर आणखी एक थर छापावा लागतो, ज्या चौकोनांची परिस्थिती नोंदींमधल्या परिस्थितीच्या पल्ल्याबाहेर आहे ते दाखवणारा. त्या चौकोनांमधले कमी गुण ‘इथे नाही’ असे न वाचता ‘इथे अजून पाहिलेले नाही’ असे वाचायचे असतात.