आइसबॉक्समधला गारवा

आइसबॉक्स पदार्थ थंड करत नाही. बाहेरची उष्णता आत शिरण्याचा वेग तो फक्त कमी करतो. आत शिरलेली उष्णता शोषून घेण्याचे काम गोठलेले आइसपॅक करतात. म्हणून बॉक्समध्ये जाणारा प्रत्येक पदार्थ आधीच फ्रिजमध्ये पूर्ण गार झालेला हवा.

समजा, मे महिन्यात पुण्याहून सकाळी सहाला काशीदच्या किनाऱ्याकडे निघायचे आहे आणि जेवण दुपारी एकला आहे. सोबत दहीभात, चिकन सँडविच आणि श्रीखंड मिळून ३ किलो खाणे आहे. ते ३० अंश सेल्सिअसला भरले, तर ५ अंशांपर्यंत आणण्यातच जवळजवळ १ किलो बर्फ वितळतो, आणि तोवर पदार्थ बराच वेळ कोमट राहतात. तेच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, तर सगळा बर्फ प्रवासासाठी उरतो. भात शिजवल्यावर पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा; मोठ्या पातेल्यात तो मध्यभागी तासन्‌तास गरम राहतो.

साधारण २० लिटरच्या, जाड भिंतीच्या बॉक्समध्ये उन्हाळ्यात तासाला दीड-दोनशे ग्रॅम बर्फ वितळेल, असा हिशेब धरावा. सात तासांना साधारण एक ते दीड किलो लागतो. म्हणून या सहलीला २ किलोंचे पॅक न्यावेत. मोठे पॅक पूर्ण गोठायला २४ तास लागू शकतात, तेव्हा ते आदल्या दिवशी सकाळीच फ्रीझरमध्ये ठेवलेले बरे. थंड हवा खाली उतरते, त्यामुळे काही पॅक तळाशी आणि निदान एक पदार्थांच्या वर असावा. मोकळ्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बसवाव्यात. पिण्याचे पाणी मात्र दुसऱ्या बॉक्समध्ये न्यावे. सरबतासाठी सतत उघडणाऱ्या झाकणाइतके नुकसान दुसरे काही करत नाही. बंद गाडीची डिकी उन्हात भट्टीसारखी तापते, म्हणून किनाऱ्यावर पोचताच बॉक्स सावलीत काढावा.

हात लावून गारवा कळत नाही, आणि पॅकचा एखादा कोपरा गोठलेला दिसला म्हणून वरचा डबा थंडच असेल असेही नाही. खात्रीसाठी टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर वापरावा. निघण्यापूर्वी बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एकत्र करून त्यात सळई बुडवली की ० अंशाच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. जेवणाच्या वेळी झाकणाजवळच्या डब्यात, पदार्थाच्या मधोमध स्वच्छ सळई खुपसावी. ५ अंश किंवा कमी असेल तर प्रश्न नाही.

आकडा त्याहून जास्त असेल, तर पदार्थ किती वेळ तसा होता हे महत्त्वाचे. सर्वसाधारण मर्यादा एकूण २ तासांची. हवा ३२ अंशांहून गरम असेल तर १ तासाची. वेळ माहीत नसेल तर चिकन आणि दहीभात टाकून द्यावेत. वास-चव चांगली असूनही त्यांत जंतू वाढलेले असू शकतात. पुन्हा गरम करूनही भागत नाही, कारण काही जंतूंनी सोडलेले विष उकळूनही टिकते.