टोकन संपल्यावर पॅकेटचे काय होते?

ग्राहकाचा प्लॅन २० मेगाबिटचा असला, तरी त्याच्या घरापर्यंत आलेली लाइन पुष्कळदा सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेणारी असते. प्लॅन स्वस्त म्हणून लाइन संथ होत नाही. प्रत्येक पॅकेट तिच्यावरून पूर्ण वेगानेच जाते. मर्यादा पाळली जाते ती सरासरीने, आणि ही सरासरी राखण्याचे काम कंपनीच्या राउटरमधली ‘टोकन बकेट’ करते.

ही बकेट म्हणजे प्रत्यक्षात एक आकडा असतो. २० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ लाख बाइट. तेवढ्या वेगाने बकेटमध्ये टोकन जमा होतात. दीड हजार बाइटचे पॅकेट आले की दीड हजार टोकन खर्ची पडतात. बकेटला ठरावीक खोली असते आणि ती भरली की पुढचे टोकन वाया जातात. राउटर टोकन एकेक करून मोजत बसत नाही. पॅकेट आले की मागच्या पॅकेटपासून किती वेळ गेला ते पाहून तेवढे टोकन तो जमेस धरतो.

इथपर्यंत पोलिसिंग आणि शेपिंग या दोन्ही पद्धती सारख्याच आहेत. टोकन पुरेसे नसताना आलेल्या पॅकेटचे काय करायचे, इथे त्यांची वाट वेगळी होते. पोलिसिंगमध्ये ते पॅकेट बहुधा तिथेच टाकून दिले जाते. शेपिंगमध्ये ते रांगेत थांबते आणि टोकन जमले की पुढे जाते.

या फरकाचा परिणाम किती मोठा होतो, हे एका हिशेबातून दिसते. समजा, बकेटची खोली १५,००० बाइट आहे, म्हणजे दहा पॅकेटांपुरती. एक सर्व्हर दर ४० मिलिसेकंदांनी ३० पॅकेट एका दमात पाठवतो. ही मागणी सरासरी ९ मेगाबिटची आहे, म्हणजे प्लॅनच्या निम्म्याहूनही कमी. पण गिगाबिटच्या लाइनवर ती ३० पॅकेट अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत येऊन थडकतात. तेवढ्या वेळात एका पॅकेटपुरतेही नवे टोकन जमत नाहीत. पोलिसिंग असेल तर पहिली दहा पॅकेट जातात आणि उरलेली वीस फेकली जातात. पुढच्या ४० मिलिसेकंदांत एक लाख टोकन येतात खरे, पण बकेटमध्ये मावतात फक्त पंधरा हजार. ग्राहकाने मर्यादा ओलांडलेली नसते, तरी त्याची दोनतृतीयांश पॅकेट हरवतात.

शेपिंगमध्ये तीच वीस पॅकेट रांगेत उभी राहतात आणि साधारण ०.६ मिलिसेकंदाला एक याप्रमाणे बाहेर पडतात. शेवटच्या पॅकेटला सुमारे १२ मिलिसेकंद उशीर होतो, पण हरवत एकही नाही.

पॅकेट हरवण्याचा फटका एवढ्यावर थांबत नाही. फाइल किंवा वेबपान आणणारी टीसीपी ही पद्धत पॅकेट हरवले की वाटेत गर्दी आहे असे समजते आणि वेग झपाट्याने कमी करते. म्हणून उथळ बकेटच्या पोलिसिंगमध्ये २० मेगाबिटच्या ग्राहकाला प्रत्यक्षात बराच कमी वेग मिळतो. बकेट खोल केली तर दुसरीच अडचण उभी राहते. सुरुवातीला सर्व्हरला प्लॅनच्या कितीतरी पट वेग मिळतो आणि तो तसाच वाढवत जातो. मग टोकन एकदम संपतात आणि पॅकेटांचा मोठा लोंढा एकाच वेळी बुडतो. डाउनलोडचा आलेख आधी उंच सुळका आणि मग खोल दरी असा दिसतो, तो यामुळेच. गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली जगभरातील व्हिडिओ वाहतूक तपासली, तेव्हा पोलिसिंग लागलेल्या जोडण्यांमध्ये पॅकेट हरवण्याचे प्रमाण सरासरी सहापट आढळले.

तरीही कंपन्या पोलिसिंग वापरतात, कारण ते स्वस्त पडते. त्यात प्रत्येक ग्राहकामागे एक आकडा आणि एक वेळ लक्षात ठेवली की भागते. शेपिंगला प्रत्येकाची वेगळी रांग, तिच्यासाठी मेमरी आणि वेळेवर पॅकेट सोडण्याची यंत्रणा लागते.

शेपिंगही आपोआप चांगले ठरत नाही. रांग फार लांब ठेवली तर पॅकेट हरवत नाहीत, पण साचून राहतात. दहा लाख बाइटची रांग २० मेगाबिटच्या वेगाने रिकामी व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या उशिराने व्हिडिओ कॉलवरचे बोलणे तुटू लागते. त्यामुळे रांगेची लांबी ठरवणे हा शेपिंगचा खरा कस आहे.

आपल्या लाइनवर काय चालले आहे, हे घरीही ताडता येते. मोठी फाइल उतरत असताना दुसऱ्या खिडकीत `ping` चालू ठेवावे. उत्तराला लागणारा वेळ २० मिलिसेकंदांवरून शेकड्यांत गेला, तर पॅकेट कुठेतरी रांगेत थांबत आहेत. वेळ जवळपास तेवढाच राहिला, पण अधूनमधून उत्तरच आले नाही आणि डाउनलोडही अडखळू लागले, तर पोलिसिंगचा संशय घ्यावा.

अपलोडपुरता ग्राहकाच्या हाती एक उपाय आहे. लिनक्सवर चालणाऱ्या स्वतःच्या राउटरमध्ये प्लॅनपेक्षा किंचित कमी वेगाचे शेपिंग लावता येते:

```
tc qdisc add dev eth0 root tbf rate 19mbit burst 32kb latency 50ms
```

इथे `eth0` हे कंपनीच्या दिशेचे पोर्ट. बकेट ३२ किलोबाइटची आणि रांगेतला मुक्काम जास्तीत जास्त ५० मिलिसेकंदांचा. कंपनीची बकेट या ३२ किलोबाइटांपेक्षा उथळ नसेल, तर पॅकेट तिच्यापर्यंत आधीच सुटी-सुटी होऊन पोहोचतात आणि पोलिसिंगला फेकण्यासारखे फारसे उरत नाही. डाउनलोडच्या दिशेने मात्र हा उपाय अपुरा पडतो, कारण तिकडची पॅकेट ग्राहकाच्या राउटरपर्यंत येण्याआधीच कंपनीच्या बकेटमधून गेलेली किंवा तिथे बुडालेली असतात.