अठरा हजार भरले, तरी बाकी कशी?

दिवाळीची सुट्टी संपून मुली वसतिगृहात परतल्या की रेक्टरच्या टेबलावरचा फोन वाजायला लागतो. मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीन विकून हाती आलेले पैसे पालकांनी नुकतेच भरलेले असतात आणि त्याच आठवड्यात फीचा तक्ता मोबाईलवर येऊन पडतो. त्यात मुलीच्या नावापुढे बाकी दिसते. ‘मॅडम, दुसरा हप्ता आम्ही पूर्ण भरलाय, मग ही बाकी कुठून आली?’ प्रश्न रास्त असतो आणि तक्ताही बहुतेक वेळा बरोबर असतो. म्हणून जाणत्या रेक्टर तक्त्यासोबत पालकांना एक पत्र धाडतात. त्या पत्रात काय असायला हवं, ते एका खात्यावरून पाहू.

समजा, एका खासगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचा वर्षाचा आकार 60,000 रुपये आहे. त्यात खोलीचे 24,000, दहा महिन्यांच्या मेसचे 30,000, वीज-पाण्याचे 3,000 आणि अनामत 3,000. भरणा तीन हप्त्यांत करायचा आहे: जूनमध्ये अनामतीसह 24,000, ऑक्टोबरमध्ये 18,000 आणि जानेवारीत 18,000.

वडिलांनी जूनमध्ये 15,000 भरले. पेरणीच्या दिवसांत तेवढेच जमले. त्यातले 3,000 अनामतीत गेले, 12,000 फीत. पहिल्या हप्त्यापुढे तक्त्यात ‘अं.’ अशी खूण पडली. म्हणजे अंशतः भरणा, बाकी 9,000. ऑगस्टमध्ये आणखी 5,000 आले, बाकी 4,000 झाली, ‘अं.’ तशीच राहिली. ऑक्टोबरमध्ये वडिलांनी बरोबर 18,000 पाठवले. त्यांच्या मनात तो दुसरा हप्ता होता. तक्त्याने मात्र त्यातले 4,000 आधी जूनच्या बाकीत वळते केले. पहिल्या हप्त्यापुढची खूण ‘पू.’ झाली, उरलेले 14,000 दुसऱ्या हप्त्यात पडले आणि तिथे नवी ‘अं.’ उमटली, बाकी 4,000.

पैसे कुठेही हरवलेले नाहीत. ऑक्टोबरपर्यंतची मागणी 42,000, आलेले 38,000. कोणत्याही क्रमाने मांडा, फरक 4,000च येतो.

जुनी बाकी आधी फेडायची हा क्रम रेक्टरने मनाने ठरवलेला नसतो. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 59 ते 61 याच गोष्टीबद्दल आहेत. वेगवेगळी देणी असताना पैसे देणाऱ्याने ही रक्कम अमुक देण्यापोटी आहे असं कळवलं आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली, तर ती त्याच देण्यात जमा करावी लागते. त्याने काही सांगितलं नाही, तर घेणाऱ्याला निवड करता येते. दोघांनीही काही ठरवलं नसेल, तर जुनं देणं आधी. याचा उपयोग पालकांना मेसच्या बाबतीत होतो. अनेक ठिकाणी मेसचा हिशेब खोलीपेक्षा वेगळा असतो आणि मेसची बाकी वाढली की मुलीचं जेवणाचं कार्ड अडतं. म्हणून पैसे पाठवताना ‘मेस, नोव्हेंबर’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ काम होतं. प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या नियमावलीत वेगळा क्रम दिला आहे का, हेही एकदा पाहून ठेवावं.

तक्त्यात बाकीचे दोन रकाने असतात आणि खरा घोळ तिथेच होतो. ‘आजअखेर देय बाकी’ म्हणजे मुदत उलटून गेलेलं देणं. आपल्या खात्यात ते 4,000 आहे. ‘वर्षाची बाकी’ मात्र 22,000 दिसते, कारण तिच्यात जानेवारीचा न आलेला हप्ताही धरलेला असतो. घाईत वाचणाऱ्या पालकाची नजर मोठ्या आकड्यावर जाते आणि घरात काळजी सुरू होते. विलंब आकार लागतो तो पहिल्या बाकीवर. दुसरी बाकी पैशांची तजवीज करण्यासाठी आहे. ज्या तक्त्यात नुसतं ‘बाकी’ असं एकच शीर्षक असेल, तो तक्ता अपुरा आहे, असं खुशाल समजावं.

विलंब आकारही वेगळ्या रकान्यातच हवा. काही ठिकाणी आलेल्या पैशांतून आधी दंड कापतात आणि उरलेली रक्कम फीत टाकतात. मग पूर्ण हप्ता भरूनही ‘अं.’ कायम राहते आणि का, ते पालकाला उमगत नाही. हिशेब नीट कळवायचा नसेल तर यापेक्षा सोपी युक्ती नाही.

दिवाळीत मुलगी घरी होती, तेव्हाच्या मेसचं काय? जेवणाचा खर्च वाचतो, पण स्वयंपाक्याचा पगार वाचत नाही. त्यामुळे सूट बहुधा फक्त शिधासामग्रीपुरती मिळते आणि त्यासाठी आधी रजेचा अर्ज लागतो. दिवसाला 60 रुपये धरले, तर दहा दिवसांचे 600 होतात. ही रक्कम ‘जमा’मध्ये दिसत नाही, कारण रोख कुणी दिलेली नसते, ती ‘सूट’मध्ये येते. आता 42,000 मधून 600 आणि 38,000 वजा करा. देय बाकी 3,400. उद्या वडिलांनी 3,400 ऐवजी 4,000 भरले, तर देय बाकीच्या रकान्यात (600) असा कंसातला आकडा येईल. कंस म्हणजे पालकाची आगाऊ जमा. ती जानेवारीच्या हप्त्यात वळती होते. तो थकबाकीचा इशारा नव्हे.

पैसे भरूनही रक्कम न दिसण्याची कारणं बहुधा साधी असतात. तक्ता 31 ऑक्टोबरअखेरचा असेल आणि पैसे 2 नोव्हेंबरला भरले असतील, तर ते पुढच्या तक्त्यात येतील. धनादेश दिला असेल, तर तो वटेपर्यंत शेऱ्यात ‘वटणे बाकी’ राहतं आणि जमा होत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मामाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून पैसे पाठवल्यावर. बँकेच्या उताऱ्यात मामाचं नाव येतं, मुलीचं नाही. मग ती रक्कम ‘अनोळखी जमा’त पडून राहते. अशा वेळी यूपीआयचा 12 आकडी यूटीआर क्रमांक, मुलीचं नाव आणि खोली क्रमांक कळवला की काम होतं. पैसे गेल्याचा हिरवा बरोबरचा चौकोन पाठवून उपयोग नाही; हिशेबनीस क्रमांकावरूनच नोंद शोधतो.

आणखी एक गैरसमज आहे तो सरकारी मदतीचा. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात येतो. वसतिगृहाकडे तो परस्पर वळता होत नाही, त्यामुळे भत्ता मंजूर झाला तरी तक्त्यातली बाकी आपोआप कमी होत नाही. (अनेक सरकारी वसतिगृहांत मुळात राहण्या-जेवणाची फी नसते, तिथे हा तक्ताच नसतो.)

तपासणी घरच्या घरी होते. पावत्या तारखेप्रमाणे लावाव्यात, त्यांची बेरीज तक्त्यातल्या ‘जमा’शी जुळवावी आणि प्रत्येक पावतीचा क्रमांक तक्त्यात आहे का ते पाहावं. बेरीज जुळली आणि बाकी जुळली नाही, तर चूक मागणी, सूट किंवा दंडाच्या रकान्यात असते. बेरीजच जुळली नाही, तर एखादी पावती नोंदायची राहिली आहे किंवा दुसऱ्या मुलीच्या नावावर पडली आहे. तक्रार करताना ‘हिशेब चुकलाय’ असं म्हणण्यापेक्षा पावती क्रमांक सांगावा. उत्तर त्याच दिवशी मिळण्याची शक्यता वाढते.

अनामतीचे 3,000 तक्त्यात शेवटी स्वतंत्र ओळीत असतात. ते फीत धरलेले नाहीत. वर्षअखेरीस बाकी राहिली, तर ती अनामतीतून कापल्याचं लेखी मागून घ्यावं आणि उरलेली रक्कम हातात पडेपर्यंत जूनपासूनची एकही पावती टाकू नये.